पंख का पसरतो, पंख का मिटतो?

विमानात पंखाच्या जरा मागची खिडकी ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना एक दृश्य हमखास दिसते. विमान धावपट्टीकडे सरकत असताना कुठूनसा घरघर आवाज येतो आणि पंखाच्या मागच्या कडेची एक लांबट फळी थोडी मागे सरकून खाली झुकते. उड्डाणानंतर काही मिनिटांतच ती पुन्हा आत जाऊन बसते. मुक्कामाचे गाव जवळ आले की हाच खेळ पुन्हा सुरू होतो. मात्र या वेळी फळी इतकी बाहेर येते की पंखाला मधूनच फटी पडल्यासारख्या दिसतात आणि त्यांतून खालची शेते, घरे दिसू लागतात. ‘हे काय आहे, आणि पंखाला अशा फटी पडणे धोक्याचे नाही का?’ असा प्रश्न या सदराच्या एका वाचक भगिनींनी विचारला आहे. प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र वाटते तितके साधे नाही. या लेखात आपण त्याच्याच मागे जाऊ.

मागच्या कडेच्या फळ्यांना फ्लॅप म्हणतात. पंखाच्या पुढच्या कडेलाही अशाच अरुंद पट्ट्या असतात. त्या पुढे आणि खाली सरकतात. त्यांना स्लॅट म्हणतात. प्रवाशांना फ्लॅप दिसतो. स्लॅटकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात संकटाच्या वेळी विमानाचा जीव बहुधा या न दिसणाऱ्या स्लॅटमध्येच अडकलेला असतो, हे पुढे दिसून येईल.

आधी या उपकरणांची गरज का पडते ते पाहू. पंखाला हवेकडून मिळणारी उचल मुख्यतः चार गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, विमानाचा वेग आणि पंखाचा आकार व कल. यांपैकी वेगाचा हिशेब वर्गाने चालतो. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते; वेग निम्मा झाला तर उचल चौथ्या हिश्शावर येते. आकाशात ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाला उचलीची टंचाई नसते. त्याला हवा असतो सपाट, लहान, कमीत कमी रोध करणारा पंख. पण हेच विमान जमिनीवर उतरवायचे असते तेव्हा त्याचा वेग तिसऱ्या हिश्शावर आणावा लागतो. त्या वेगाला त्या सपाट पंखाची उचल विमानाच्या वजनाला पुरत नाही.

व्यापारी कुटुंबांतील वाचकांना आकड्यांची भीती नसते, म्हणून एक हिशेब मांडतो. ६४ टन वजनाचे आणि १२० चौरस मीटर पंखाचे विमान घ्या. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवरील मध्यम आकाराच्या विमानांची मापे साधारण याच्या आसपास असतात. पंख मिटलेला असताना तो आपल्या आकाराच्या बळावर जास्तीत जास्त जी उचल देऊ शकतो, तिचा गुणांक दीड धरू. फ्लॅप आणि स्लॅट पूर्ण बाहेर काढल्यावर हाच गुणांक २.८ च्या घरात जातो. समुद्रसपाटीवरील हवेत गणित केले, तर मिटलेल्या पंखाने हे विमान ताशी सुमारे २७० किलोमीटरखाली तगून राहू शकत नाही. पसरलेल्या पंखाने ते सुमारे २०० पर्यंत तगते. वैमानिक अर्थातच या काठावर विमान चालवीत नाहीत. धावपट्टीकडे येताना ते जवळजवळ पाव हिस्सा जास्त वेग राखतात. म्हणजे एका बाबतीत सुमारे ३३० आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे २४५. धावपट्टीवर चाके टेकल्यावर ब्रेकना जी गतिज ऊर्जा जिरवावी लागते, तीही वेगाच्या वर्गानेच वाढते. म्हणून मिटलेल्या पंखाने उतरणाऱ्या विमानाच्या ब्रेकवर पावणेदोन पटींहून अधिक भार येतो आणि धावपट्टीही त्याच मानाने लांब लागते.

आता हे होते कसे? फ्लॅपचे काम समजायला तुलनेने सोपे. पंख उचल मिळवतो तो हवेला खाली वळवून. मागची कड खाली झुकवली की पंखाची कमान वाढते आणि तीच हवा अधिक खाली वळते. बहुतेक प्रवासी विमानांत फ्लॅप नुसता झुकत नाही. तो आधी रुळांवरून मागे सरकतो आणि मग खाली जातो. त्यामुळे पंखाचे क्षेत्रफळही वाढते. हॅर्लन फाउलर या अमेरिकी अभियंत्याने १९२० च्या दशकात ही रचना काढली, आणि तिला आजही त्याचेच नाव आहे. थोडक्यात, फ्लॅप काढलेला पंख नाक न उचलताही जास्त उचल देतो.

पण जमाखर्चाच्या वहीत जमेसमोर खर्च असतोच. फ्लॅपमुळे हवेचा रोध वाढतो, आणि त्याहून सूक्ष्म असा दुसरा खर्च आहे तो पंखाच्या पुढच्या कडेवर पडतो. त्यासाठी ‘स्टॉल’ म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे लागेल. या शब्दाने अनेकांची समजूत होते की इंजिन बंद पडले. इंजिनाचा येथे काही संबंध नाही. स्टॉल होतो तो पंख.

समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यात जो कोन असतो, त्याला आघातकोन म्हणू. विमानाचे नाक उचलत गेले की हा कोन वाढतो, आणि काही मर्यादेपर्यंत उचलही वाढत जाते. पण कोन वाढला की हवेला पंखाच्या पुढच्या गोलाईवरून फार तीव्र वळण घेऊन वर चढावे लागते. त्या वळणावर हवेचा वेग एकदम वाढतो आणि दाब खोल उतरतो. पुढे पंखाच्या पाठीवरून मागे जाताना तिला त्या खोल दाबातून पुन्हा जास्त दाबाकडे जावे लागते. जणू दरीत उतरून समोरचा चढ चढावा. पंखाच्या पृष्ठाला चिकटून जाणारा हवेचा पातळ थर घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. चढ फार उभा झाला की त्या थराचा दम सुटतो, तो थांबतो, उलटा वाहू लागतो, आणि वरचा सगळा प्रवाह पंखाची पाठ सोडून देतो. तोच स्टॉल. साध्या पंखाच्या बाबतीत हे साधारण पंधरा अंशांच्या आसपास घडते. उचल एकदम ढासळते, रोध वाढतो, आणि बहुधा दोन्ही पंख एकाच क्षणी स्टॉल होत नसल्याने विमान एका अंगाला कलंडते.

फ्लॅप खाली गेला की तो पूर्ण पंखाभोवतीचा प्रवाह बळकट करतो, आणि त्यामुळे पुढच्या कडेवरचे ते वळण आणखी तीव्र होते. म्हणजे उचल वाढली खरी, पण पुढची कड आता आधीपेक्षा लहान कोनातच दम सोडते. फ्लॅपने दिलेले धन पुढच्या दाराने गळू लागते. त्या दाराशी स्लॅट उभा राहतो.

स्लॅटविषयी एक समजूत अनेक पुस्तकांतून आणि वैमानिकांच्या शिकवण्यांतूनही चालत आली आहे. स्लॅट आणि पंख यांच्यामधल्या फटीतून खालची ताजी हवा जोराने वर येते आणि पंखावरच्या दमलेल्या थरात नवा जोम भरते, असे सांगितले जाते. चित्र मोठे पटण्यासारखे आहे, पण ते बरोबर नाही. अमेरिकेतील डग्लस विमान कंपनीत काम करणारे वायुगतिशास्त्रज्ञ ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ मध्ये एका प्रदीर्घ लेखात या समजुतीची चिरफाड केली. स्लॅट हा स्वतः एक छोटा पंख आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या प्रवाहामुळे, त्याच्या मागच्या कडेपाशी, म्हणजे नेमकी मोठ्या पंखाचे नाक जिथे आहे तिथे, हवा खालच्या दिशेने ढकलली जाते. परिणामी मोठ्या पंखाच्या नाकावर हवेला तितके तीव्र वळण घ्यावे लागत नाही. ती खोल दरी उथळ होते आणि मागचा चढ सौम्य होतो. थरात जोम भरला जात नाही. त्याच्यापुढचा चढ कमी केला जातो. दरम्यान पुढचा भार स्लॅट आपल्या अंगावर घेतो, आणि मोठा पंख स्लॅटच्या मागच्या कडेला असा वेगवान प्रवाह देतो की स्लॅटवरचा मंद थर भरधाव वाहून जातो. दोघे एकमेकांना सांभाळतात.

मग फट कशासाठी? स्लॅटवरचा मंद थर आणि पंखावर नव्याने सुरू होणारा थर हे एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी. फट फार अरुंद झाली तर दोन्ही थर एक होऊन जाड होतात आणि लवकर दमतात. फार रुंद झाली तर दोन पंखांचा परस्परांवरील प्रभाव क्षीण होतो. मोठ्या फ्लॅपमध्ये ज्या फटी दिसतात त्यांचेही तत्त्व हेच. वाचक भगिनींच्या शंकेचे उत्तर येथे मिळते: त्या फटी पंख मोडल्याच्या खुणा नव्हेत, अभियंत्यांनी मोजूनमापून राखलेल्या आहेत.

या दोन उपकरणांतला फरक एका वाक्यात सांगायचा, तर फ्लॅप प्रत्येक कोनाला उचल वाढवून देतो, आणि स्लॅट पंखाला अधिक मोठ्या कोनापर्यंत दम टिकवून देतो. स्लॅट काढल्यावर स्टॉलची मर्यादा साधारण पंधरा अंशांवरून वीस अंशांच्या वर सरकते. ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळातली आहे. जर्मनीत गुस्टाव्ह लाखमान यांनी आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हँडली पेज यांनी ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढली.

येथवर सगळे पुस्तकी झाले. पंख मिटलेला राहिला तर प्रत्यक्षात काय घडते, हे २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदच्या बाराखास विमानतळावर दिसले. स्पॅनएअर कंपनीचे एमडी-८२ जातीचे विमान कॅनरी बेटांकडे निघाले होते. उड्डाण क्रमांक ५०२२. विमान धावपट्टीच्या टोकाशी पोहोचले तेव्हा वैमानिकांच्या लक्षात आले की बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारा शोधक भलताच आकडा दाखवीत आहे, शंभर अंशांहून अधिक. तो शोधक आकाशात गोठू नये म्हणून त्याला एक हीटर असतो. हा हीटर विमान जमिनीवर असताना बंद राहायला हवा; तो चालू झाला होता. विमान परत आणले गेले. तंत्रज्ञांनी नियमपुस्तक पाहिले. वाटेत बर्फाची शक्यता नसेल तर हीटर बंद ठेवून उडता येते, असे त्यात होते. त्यांनी हीटरचा विद्युत्‌पुरवठा तोडला आणि विमान सोडले. हीटर जमिनीवर चालू का झाला, हा प्रश्न मागे राहिला.

या प्रश्नाचे महत्त्व असे की एमडी-८२ मध्ये विमान जमिनीवर आहे की हवेत, ही माहिती काही यंत्रणांना एका रिलेमार्फत मिळते. तोच रिले हीटरला सांगतो की ‘आपण जमिनीवर आहोत, थांब’, आणि तोच उड्डाणाच्या इशारायंत्रणेला सांगतो की ‘आपण जमिनीवर आहोत, जागी राहा’. या इशारायंत्रणेचे काम असे की फ्लॅप-स्लॅट योग्य जागी नसताना वैमानिकाने उड्डाणासाठी इंजिनांचा जोर वाढवला तर कर्कश सूचना द्यायची. रिलेने ‘आपण हवेत आहोत’ असे सांगितले तर हीटर तापतो आणि इशारायंत्रणा गप्प बसते. चौकशीत या रिलेतील बिघाड हा संभाव्य दुवा म्हणून पुढे आला. तो निर्विवादपणे सिद्ध करता आला नाही. पण इशारा वाजला नाही, एवढे ध्वनिमुद्रणातून स्पष्ट आहे.

दुसऱ्यांदा निघताना विमानाला बराच उशीर झाला होता. इंजिने सुरू झाल्यानंतरच्या तपासणीसूचीत शेवटी फ्लॅप आणि स्लॅट यांची नोंद होती. ती वाचण्याआधीच कॅप्टनने सहवैमानिकाला नियंत्रण कक्षाकडे पुढे जाण्याची परवानगी मागायला सांगितले. सूची तेथेच तुटली. वाटेत आणखी एक संधी होती, आणि उड्डाणापूर्वी अगदी शेवटची पडताळणी हीही एक संधी होती. त्या शेवटच्या पडताळणीत सहवैमानिकाने फ्लॅप ‘अकरा’ अंशांवर असल्याचे म्हटले. ते तोंडाने म्हटले गेले, डोळ्यांनी पाहिले गेले नाही. फ्लॅपचा दांडा शून्यावर होता. या जातीच्या विमानात फ्लॅपच्या दांड्याबरोबरच स्लॅटही हलतात. दांडा शून्यावर म्हणजे दोन्ही आत.

आता वरचा हिशेब आठवा. अकरा अंश फ्लॅप आणि बाहेर काढलेले स्लॅट धरून वैमानिकांनी नाक उचलण्याचा वेग काढला होता. तो ताशी सुमारे २९० किलोमीटर होता. विमान त्या वेगाला पोहोचले, नाक उचलले गेले. मिटलेल्या पंखालाही त्या वेगाला थोडी उचल मिळतेच. शिवाय जमिनीच्या अगदी जवळ असताना जमीन पंखाला काहीसा आधार देते. म्हणून विमान धावपट्टी सोडू शकले. हाच त्यातला फसवा भाग. वैमानिकाच्या हातांना सगळे नेहमीसारखे वाटते, विमान उठते, आणि मग चढत नाही. चढत नाही म्हणून नाक आणखी वर जाते, आघातकोन वाढतो, आणि स्लॅट नसलेली पुढची कड दम सोडते. वैमानिकांच्या हातातील दांडा स्टॉलची सूचना म्हणून थरथरू लागला. विमान उजवीकडे कलंडले. ते जमिनीपासून सुमारे १२ मीटरपेक्षा वर कधी गेलेच नाही. काही सेकंदांत ते धावपट्टीच्या उजव्या बाजूला कोसळले आणि पेटले. १७२ जणांपैकी १५४ दगावले.

वैमानिकांना त्या काही सेकंदांत कळले का नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. इंजिनात बिघाड झाला असावा, असा पहिला तर्क सहवैमानिकाच्या बोलण्यात येतो. उठलेले विमान चढत नाही, याचे नेहमीचे कारण तेच असते. अशा वेळी नाक थोडे खाली घेऊन वेग वाढू देणे आणि फ्लॅपचा दांडा पुढच्या खाचेत टाकणे हा उपाय आहे. पण त्यासाठी आधी खरे कारण मनात यावे लागते, आणि १२ मीटर उंचीवर त्याला वेळ नसतो.

हीच जात, हीच चूक, एकवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत डेट्रॉइट येथे घडली होती. १६ ऑगस्ट १९८७ रोजी तेथेही एमडी-८२ फ्लॅप-स्लॅट न काढता उडाले आणि इशारायंत्रणेला वीज मिळत नसल्याने तीही वाजली नाही. विमानातील १५४ आणि जमिनीवरील दोन जणांचा अंत झाला. वाचली ती एक चार वर्षांची मुलगी. त्यानंतर निर्मात्याने सर्व कंपन्यांना सुचवले होते की इशारायंत्रणा प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासावी. स्पॅनएअरच्या कार्यपद्धतीत ती दिवसातील पहिल्या उड्डाणापूर्वी तपासली जात असे. माद्रिदच्या अपघातानंतर त्याच वर्षी युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने या जातीच्या विमानांसाठी प्रत्येक उड्डाणापूर्वीची तपासणी बंधनकारक केली. जे पत्र १९८७ नंतर सूचना म्हणून गेले होते, ते हुकूम व्हायला एकवीस वर्षे लागली.

फ्लॅप जागेवर असून केवळ स्लॅट गेले तर? त्याचेही एक कठोर उदाहरण आहे. २५ मे १९७९ रोजी शिकागोहून उडताना अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या डाव्या पंखावरील इंजिन बैठकीसह तुटून पडले. जाताना त्याने पंखाच्या पुढच्या कडेतील हायड्रॉलिक नळ्या तोडल्या. तेलाचा दाब गेल्यावर डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट समोरच्या हवेच्या रेट्याने आत ढकलले गेले. उजव्या पंखाचे तसेच बाहेर राहिले. आता एकाच विमानाला दोन वेगळ्या स्वभावाचे पंख होते. डावा पंख १५९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २९४ किलोमीटरला स्टॉल होणार होता. उजवा त्याहून बराच कमी वेगापर्यंत टिकणार होता. वैमानिकांना इंजिन गेल्याचे कळले होते, स्लॅट गेल्याचे नव्हते. ते सांगणाऱ्या सूचनांची वीज त्याच इंजिनाबरोबर गेली होती. इंजिन गेल्यावर जो वेग राखावा असे नियमपुस्तक सांगत होते, त्यावर त्यांनी विमान काटेकोर आणले: १५३ नॉट. सहा नॉटचा फरक, आणि डावा पंख कोसळला. विमान डावीकडे उलथले. आतील २७१ आणि जमिनीवरील दोन माणसे गेली. पहिल्या वेगावरच विमान ठेवले असते तर ते सावरता आले असते, पण पुस्तकाप्रमाणे वागणाऱ्या माणसाला ते कोणत्या आधारावर सुचावे? या अपघातांत मला हा सर्वांत जीवघेणा वाटतो.

पुन्हा नेहमीच्या प्रवासाकडे येऊ. फ्लॅप इतके उपयोगी, तर उड्डाणालाही ते पूर्ण का काढीत नाहीत? कारण पहिले काही अंश फ्लॅप मुख्यतः उचल देतात, नंतरचे अंश उचलीपेक्षा रोधच जास्त देतात. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन गेले तरी उरलेल्या इंजिनावर विमान चढत राहिले पाहिजे, असा नियम आहे. पूर्ण फ्लॅपच्या रोधाने ती चढण मारली जाते. म्हणून उड्डाणाला थोडे फ्लॅप, आणि उतरताना जास्त. एमडी-८२ मध्ये माद्रिदला ११ अंश हवे होते. उतरताना तेच २८ किंवा ४० अंश असतात. धावपट्टी आखूड असेल किंवा हवा तापून विरळ झाली असेल, तर वैमानिक उड्डाणाचा कोनही बदलतात. तो दरवेळी वजन, वारा आणि तापमान पाहून ठरतो.

उतरताना मात्र रोध हा शत्रू राहत नाही, तो कामाला येतो. एक तर विमान उताराने खाली येत असताना त्याचा वेग वाढू द्यायचा नसतो. दुसरे असे की रोधामुळे इंजिने अगदी मंद न ठेवता मध्यम जोरावर ठेवावी लागतात, आणि जेट इंजिनाला मंद अवस्थेतून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात. मध्यम अवस्थेतून ते चटकन वर येते. ऐन वेळी उतरणे रद्द करायचे झाले तर या काही सेकंदांना किंमत असते. तिसरे, फ्लॅपमुळे तीच उचल लहान आघातकोनात मिळते, म्हणून नाक खाली राहते आणि वैमानिकांना धावपट्टी समोर दिसते.

उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर घेताना फ्लॅप एकदम आत घेत नाहीत. आधी इंजिनांना पूर्ण जोर, मग फ्लॅप एक टप्पा आत, मग चढण खात्रीची झाली की चाके वर, आणि पुढचे टप्पे वेग वाढेल तसतसे. कारण फ्लॅप आत गेला की उचल त्याच क्षणी कमी होते, पण वेग वाढायला वेळ लागतो. जमेची बाजू येण्याआधी खर्च करून टाकता येत नाही. उड्डाणानंतरही फ्लॅप आधी आणि स्लॅट सर्वांत शेवटी, असाच क्रम असतो, हे आता कोणाला नवल वाटू नये. त्या वेळी विमान किंचित खाली बसल्यासारखे वाटते, पोटात हलके होते. काही प्रवासी घाबरतात. तेथे पंख आपली जादा उचल परत करीत असतो, आणि त्या वेळेपर्यंत वेगाने ती भरून काढलेली असते.

उड्डाणापूर्वी खिडकीतून फ्लॅप बाहेर आहेत की नाहीत हे प्रवाशाने पाहावे का, असेही काही जण विचारतील. पाहायला हरकत नाही, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये. उड्डाणाचा कोन लहान असतो, आणि पंखाच्या मागच्या बाजूने तो डोळ्यांना नीट दिसत नाही. काही विमाने योग्य परिस्थितीत केवळ स्लॅट काढून, फ्लॅप शून्यावर ठेवूनही नियमाप्रमाणे उडतात. उतरताना मात्र खिडकीपाशी बसला असाल तर पंखाकडे अवश्य पाहा. एकामागून एक टप्प्याने फळ्या मागे सरकतात, दर टप्प्याला विमानाचा आवाज जरा जाड होतो, कारण हवा आता फटींतून आणि कडांवरून घासत जाते. शेवटचा टप्पा आला की फ्लॅप जवळजवळ जमिनीकडे तोंड करतो. चाके टेकल्यावर पंखाच्या पाठीवर ज्या फळ्या एकदम उभ्या राहतात त्या फ्लॅप नव्हेत. त्यांचे काम नेमके उलटे, म्हणजे उरलीसुरली उचल मारून विमानाचे वजन चाकांवर टाकायचे. त्यांच्याविषयी पुढे कधीतरी.